मदत हवी आहे: डब्याच्या आठवड्याच्या मेनूवर दर वेळी नवीन काय लिहायचं?

पोळीभाजी_कर्वेनगर (शुक्रवार, ९ जानेवारी २०२६, दुपारी ३.१०)

नमस्कार. पटकन मदत हवी आहे, रविवारी संध्याकाळी मेनू पाठवायचा आहे. मेनूच्या वर दोन ओळी आणि प्रत्येक वाराच्या भाजीपुढे एक ओळ लिहिते. आता शब्दच संपलेत. चविष्ट, रुचकर, खमंग, पौष्टिक, घरगुती, आईच्या हातची चव, सगळं उलटंपालटं करून वापरून झालं. परवा एक मुलगा म्हणाला, "काकू, मला वाटलं मागच्याच आठवड्याचा मेसेज परत आलाय, म्हणून उघडला नाही." शनिवारी डबा बंद आहे हे त्यातच लिहिलं होतं. तो उपाशी बसला आणि वर मलाच बोलला.

कोणाकडे शब्दांची यादी असेल तर द्या. निदान दोन-तीन महिने पुरेल अशी.

---

चौकस (३.२५)

मेसेज कुठे टाकता? व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम की सोसायटीच्या फलकावर? ग्रुप आहे की ब्रॉडकास्ट? डबा कोण घेतं, विद्यार्थी, नोकरदार की आजी-आजोबा? मेनू काय आहे? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग मदत कशी करणार?

---

आत्याबाई (३.४०)

सोमवारी मटकीची उसळ ठेवा, मंगळवारी पालकाची पातळ भाजी, बुधवारी फ्लॉवर-बटाटा रस्सा, गुरुवारी कढी-खिचडी. शुक्रवारी काहीतरी गोड हवंच. माझ्या भाच्याचा डबा आहे, त्यात महिनाभर बटाटाच असतो. लोक कंटाळतात ते भाजीला हो, मेसेजला नाही.

---

पोळीभाजी_कर्वेनगर (३.५२)

आत्याबाई, मेनू ठरलेला आहे, मला त्यावर *लिहायचं काय* ते विचारायचंय.

चौकस, व्हॉट्सअॅपवरच, अजून कुठे? ब्रॉडकास्ट लिस्ट आहे. निम्मी कॉलेजची मुलं, बाकी नोकरीवाले आणि दोन-तीन घरचे ज्येष्ठ. शाकाहारी.

---

शब्दांचा_सौदागर (४.१५)

ताई, मी जाहिरात क्षेत्रात आहे म्हणून सांगतो. तुम्ही भाजी विकत नाही, भावना विकता. घरापासून दूर असलेल्या मुलाला आई आठवली पाहिजे. "डबा उघडताच गाव आठवेल" असं काहीतरी. पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण यादीत मेसेज दिसतो तेव्हा तेवढीच दिसते. बाकी कोणी वाचत नाही. रोज एक भावनिक ओळ, सोबत छान फोटो, आणि यमक जुळलं तर उत्तमच.

---

मिश्किल_मुळे (४.२२)

यमक घ्या की:
"सोमवारी भेंडी, बाहेर पडली थंडी.
मंगळवारी गवार, डबा घेऊन व्हा स्वार."
आणखी हवी असतील तर सांगा, फुकट आहेत.

---

नवीपेठ_मेस (५.०५)

आमच्या सासऱ्यांची नव्या पेठेत मेस होती. दारात फळा असायचा आणि रोज सकाळी खडूने मेनू लिहायचं काम माझ्याकडे. स्पर्धा परीक्षेची मुलं जिना चढायच्या आधी तो फळा वाचायची आणि त्यावरूनच वर यायचं की नाही ते ठरवायची. त्या अनुभवावरून सांगते.

सौदागर म्हणतात त्यातलं पहिल्या ओळीचं खरं आहे. पण भावनेचं आमच्याकडे कधी चाललं नाही. 'आईच्या हातची चव' पुण्यात प्रत्येक डबेवाला लिहितो, त्यामुळे ते वाचूनही न वाचल्यासारखं होतं. आणि ज्याची आई खरंच चांगलं करते तो पहिल्या घासाला तुलना करतो, ती वेगळीच पंचाईत.

ताई, तुम्ही यादी मागताय ती विशेषणांची. विशेषणांची यादी कितीही मोठी केली तरी दोन महिन्यांत संपेलच, कारण 'चविष्ट' आणि 'रुचकर' यांतून वाचणाऱ्याला एकच गोष्ट कळते, आणि तीही त्याला आधीच माहीत असते. मेसेज जुना वाटला, कारण त्यात या आठवड्याचं असं काही नव्हतं. वरची ओळ अशी हवी की ती मागच्या आठवड्यात लिहिताच आली नसती आणि पुढच्या आठवड्यात लिहिली तर खोटी ठरेल.

येत्या आठवड्याचा मेनू इथे टाका. मागच्या दोन-तीन मेसेजच्या पहिल्या ओळीही टाका.

---

सुशांत_पीजीवाला (५.३०)

कर्वेनगरला डबा देता का? दोन वेळचे महिन्याचे किती? पोळ्या किती असतात?

---

पोळीभाजी_कर्वेनगर (६.४०)

आत्ता हात मोकळा झाला. सुशांत, व्यक्तिगत निरोप करा.

मागच्या ओळी अशा होत्या:
"नमस्कार मंडळी!! या आठवड्याचा चविष्ट घरगुती मेनू!!"
"नमस्कार मंडळी!! सादर आहे रुचकर व पौष्टिक मेनू!!"
"नमस्कार मंडळी!! आईच्या हातची चव, आता तुमच्या डब्यात!!"

येत्या आठवड्याचा मेनू, दुपारचा (रात्री पोळी, तीच भाजी आणि खिचडी किंवा भात):
सोम: मेथी-मूगडाळ, चिंचगुळाची आमटी
मंगळ: भोगीची भाजी, तीळ लावून बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी
बुध: गुळपोळी, मटार उसळ, वरणभात
गुरु: कोबी, आमटी
शुक्र: ताकातला चाकवत
शनि: वांग्याचं भरीत, भाकरी, ठेचा

---

चौकस (६.५५)

बुधवारी १४ तारीख, संक्रांत. पण त्याच दिवशी एकादशीही आहे. उपवासवाल्यांना काय देणार?

---

पोळीभाजी_कर्वेनगर (७.०२)

हो का? कॅलेंडर बघितलंच नव्हतं. ज्येष्ठ मंडळी उपवास करतातच. साबुदाणा खिचडी देता येईल, पण आधी कळलं तर.

---

शब्दांचा_सौदागर (७.१०)

तिळगुळाचा लाडू टाका उपवासाच्या डब्यात. गोड बोला. झाली तुमची ओळ!

---

आत्याबाई (७.१८)

उपवासाला तीळ चालत नाहीत आमच्याकडे.

---

मिश्किल_मुळे (७.२१)

अहो, त्या एकादशीचं नाव षट्‌तिला. तीळ नाही चालणार तर काय कोबी चालणार?

---

आत्याबाई (७.३०)

नावात काय असेल ते असो. माझ्या सासूबाई कधी खायच्या नाहीत.

---

नवीपेठ_मेस (८.१५)

तिळावरून भांडू नका. ज्याच्या घरी चालतात तो खाईल, डब्यात वेगळ्या पुडीत द्या म्हणजे झालं.

चौकस, उत्तम पकडलंत. ताई, पहिली ओळ तुमच्या हातात येऊन पडलीय:

"बुधवारी संक्रांत आणि एकादशी एकाच दिवशी. गुळपोळीचा डबा की उपवासाचा, सोमवारी रात्री ८ पर्यंत कळवा."

यात एकही विशेषण नाही. तरी हा मेसेज कोणी न उघडता पुढे जाणार नाही, कारण त्याला उत्तर द्यायचंय. तुमची सध्याची पहिली ओळ 'नमस्कार मंडळी' मध्येच खर्च होते. फोन खिशातून काढल्यावर त्याला तेवढंच दिसतं, आणि ते दर रविवारी सारखंच. नमस्कार घालायचाच असेल तर शेवटी घाला.

आता वारांकडे या. प्रत्येक वाराला ओळ हवी हा हट्ट सोडा. गुरुवारच्या कोबीबद्दल सांगण्यासारखं काही नसेल तर नुसतं 'कोबी, आमटी' लिहा. सहाच्या सहा वारांना कौतुक चिकटवलं की कशालाच चिकटत नाही. या आठवड्यात मंगळ, बुध आणि शुक्र यांच्याबद्दल सांगण्यासारखं आहे:

मंगळ: भोगीची भाजी: पावटा, मटार, ओला हरभरा, गाजर, वांगं, तिळाचं कूट. बोरंही आहेत, बिया सांभाळून.

शुक्र: ताकातला चाकवत, दाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून. आंबटसर असतो, तिखट नाही.

चाकवत कॉलेजच्या मुलांपैकी निम्म्यांना माहीत नसतो. पातळ हिरवी भाजी बघून डबा परत येतो. 'आंबटसर, तिखट नाही' एवढं वाचलं असेल तर निदान चाखून बघतात. फळ्यावर मी कुठल्याही अनोळखी भाजीपुढे ती कशी लागते ते लिहायचे. 'खमंग' लिहिलं असतं तर भांडी घासताना तेवढाच चाकवत परत मिळाला असता.

---

कोथरूडचा_मतदार (८.४०)

गुरुवारी १५ तारखेला महापालिकेचं मतदान आहे. सुट्टी. ऑफिसवाले घरी असतील, मुलं गावी पळतील. डबा आहे की नाही?

---

पोळीभाजी_कर्वेनगर (९.०५)

अरे देवा, तेही आहे. दुपारचा बंद ठेवते, आम्हालाही मत द्यायचंय. रात्रीचा आहे.

---

नवीपेठ_मेस (९.२०)

मग तेही वर आणा. गेल्या वेळी शनिवारची सुट्टी मेसेजच्या पोटात गेली, म्हणून तो मुलगा उपाशी राहिला. बंद, बदल आणि कळवायची मुदत या तीन गोष्टी कायम मेनूच्या वर. खाली वारांची यादी मात्र दर आठवड्याला *तशीच* ठेवा: तोच क्रम, तीच मांडणी, खाडा सांगायची वेळ शेवटी त्याच जागी. लोक तिथे वाचत नाहीत, आपला वार शोधतात. तिथे नावीन्य आणलंत तर मुलं फोन करून विचारतील, "काकू, बुधवारी काय?" बदलायची ती वरची एक-दोन वाक्यं आणि एखाद-दोन वारांच्या पुढची ओळ.

---

शब्दांचा_सौदागर (९.४५)

मान्य, पण ही सूचना झाली. यात ब्रँड कुठे आहे? सण आणि निवडणूक रोज येत नाहीत. फेब्रुवारीत काय करणार?

---

पोळीभाजी_कर्वेनगर (९.५०)

हाच माझा प्रश्न आहे. आमच्याकडे भेंडी दर आठवड्याला असते, मुलांना आवडते म्हणून. भेंडीवर किती वेळा लिहू?

---

नवीपेठ_मेस (शनिवार, सकाळी ७.३०)

रात्री झोप लागली म्हणून आता लिहितेय.

सौदागर, प्रश्न बरोबर आहे. बिनसणाच्या आठवड्यात भाजीवर लिहायचं नाही, त्या भाजीचं त्या दिवशी काय झालं ते लिहायचं. भेंडीच घ्या, चार आठवडे:

पहिला: "भेंडीच्या काचऱ्या. धुऊन, पुसून, कोरड्या करून चिरल्यात, तार नाही."
दुसरा: "दह्यातली भेंडी. पातळ आहे, वेगळ्या वाटीत येईल, डबा आडवा करू नका."
तिसरा: "भरली भेंडी, सारणात दाण्याचं कूट. दाणे चालत नसतील तर आदल्या रात्री सांगा."
चौथा: "भेंडी निबर मिळाली म्हणून घेतली नाही. आज गवार, लाल भोपळा घालून."

पहिल्या ओळीत केलं कसं ते आहे, दुसरीत डबा पोचतो कसा, तिसरीत कोणी जपून खायचं, चौथीत बाजारात काय मिळालं. शब्द शोधत बसावं लागलं नाही, कारण प्रत्येक वेळी सांगण्याची गोष्टच वेगळी होती. आमच्या फळ्यावर सगळ्यात जास्त विश्वास चौथ्या प्रकारच्या ओळीने मिळवला. 'निबर होती म्हणून घेतली नाही' असं लिहिणाऱ्याचं 'कोवळी' लिहिलेलं खरं वाटतं.

एक साधी वही करा. दर रविवारी पाठवलेली वरची ओळ त्यात उतरवा आणि नवी लिहिण्याआधी मागच्या चार वाचा. सुरुवातीचा शब्द सारखा येत असेल किंवा सलग दुसऱ्यांदा बाजाराचीच गोष्ट असेल तर बदला.

आणि याची मर्यादाही सांगते. चारही आठवडे भेंडीच्या काचऱ्याच असतील तर कुठलीही ओळ ताजी होणार नाही. आत्याबाई पहिल्या उत्तरात म्हणाल्या ते इथे लागू आहे.

---

आत्याबाई (८.०५)

बघा. मी कालच सांगितलं होतं.

---

डबा_खाणारा (९.१५)

खाणाऱ्याच्या बाजूने लिहितो. माझ्या आधीच्या डबेवाल्यांनी 'साजूक तुपातला शिरा' लिहिलं आणि वनस्पती तूप निघालं. त्यानंतर त्यांचं 'आमटी' लिहिलेलंही खरं वाटेना. तपशील लिहायचा तर तो पाळावा लागतो. मंगळवारी पावटा मिळालाच नाही तर?

---

नवीपेठ_मेस (९.४०)

बरोबर. ज्याची खरेदी झालेली नाही त्याचं नाव पक्कं लिहू नये. रविवारी 'भोगीची मिसळीची भाजी' एवढंच लिहा आणि मंगळवारी सकाळी भाजी चढवल्यावर स्टेटसला काय काय पडलं ते टाका. स्टेटस चोवीस तासांनी जातं, ते अशाच गोष्टीला बरं.

---

मिश्किल_मुळे (९.४८)

मिसळीची भाजी लिहाल तर मुलं फरसाण मागतील.

---

नियमावली (१०.१०)

मेनूवर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक टाकता का? घरगुती डब्यालाही नोंदणी लागते. आधी ते बघा, मग साहित्य.

---

पोळीभाजी_कर्वेनगर (१०.२५)

नोंदणी आहे. क्रमांक बिलावर आहे. मेनूवर कशाला?

---

चौकस (१०.४०)

ताई, एक राहिलं. ब्रॉडकास्ट म्हणालात. ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवलेला नाही त्यांना ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतच नाही, आणि तुम्हाला तसं काही कळतही नाही. नवीन मुलं नंबर न साठवता नुसते पैसे पाठवतात. तुम्हाला वाटत असेल वाचत नाहीत, त्यांतल्या काहींना गेलाच नसेल. एका यादीत २५६ च नंबर बसतात, तेही बघा.

---

पोळीभाजी_कर्वेनगर (११.३०)

हे माहीतच नव्हतं. आता एकेकाला विचारत बसते.

---

शब्दांचा_सौदागर (११.४५)

ग्रुप करा, प्रश्न मिटला.

---

डबा_खाणारा (११.५२)

कृपया नको. ग्रुपमध्ये दुपारी बारा वाजता 'माझा डबा कुठे?' सगळ्यांना वाचावं लागतं. आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, मुलींना ते नको असतं.

---

पोळीभाजी_कर्वेनगर (रविवार, संध्याकाळी ६.२०)

हे पाठवलं आत्ता:

*बुधवारी संक्रांत आणि एकादशी एकाच दिवशी. गुळपोळीचा डबा की उपवासाचा (साबुदाणा खिचडी, दही, बटाट्याची भाजी), सोमवारी रात्री ८ पर्यंत कळवा.*
*गुरुवारी मतदान. दुपारचा डबा बंद, रात्रीचा आहे.*

सोम: मेथी-मूगडाळ, चिंचगुळाची आमटी
मंगळ: भोगीची मिसळीची भाजी, तीळ लावून बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी. बोरं आहेत, बिया सांभाळून.
बुध: गुळपोळी (सोबत तूप), मटार उसळ, वरणभात / उपवास
गुरु, फक्त रात्री: पोळी, कोबी, खिचडी
शुक्र: ताकातला चाकवत. आंबटसर, तिखट नाही.
शनि: वांग्याचं भरीत, भाकरी, ठेचा (ठेचा वेगळ्या पुडीत)

खाडा आदल्या रात्री ९ पर्यंत. नमस्कार.

तासाभरात बरीच उत्तरं आली, एरवी दोन-तीन अंगठे यायचे. एका मुलाने लिहिलंय, "काकू, उपवासाचा डबा द्या आणि त्यात दोन गुळपोळ्या टाका." त्याला काय सांगू?

---

आत्याबाई (६.३५)

गुळपोळीत कणीक असते. सांगा त्याला.

---

मिश्किल_मुळे (६.३७)

त्याला सगळं माहीत आहे, आत्याबाई. दोन्ही डब्यांचे पैसे लावा.

---

नवीपेठ_मेस (७.१०)

छान झालंय. 'बोरं आहेत' हे बाजारात बोरं बघून लिहिलंय ना? आणि शनिवारची वांगी भाजायची कशावर, गॅसवर की कोळशावर? कोळशावर असतील तर शनिवारी सकाळी स्टेटसला तेवढं लिहा. गॅसवर असतील तर काही लिहू नका.

---

सुशांत_पीजीवाला (७.२५)

व्यक्तिगत निरोप केला आहे, उत्तर आलं नाही. भरीत शनिवारी नक्की आहे का?